40 गावं, 800 कास्तकार: कामगंध सापळ्यांच्या प्रयोगाला एवढा नमुना पुरेल का?

रानवाटा
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव आणि केळापूर तालुक्यांत येत्या खरिपात आम्ही एक प्रयोग करतोय. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी कास्तकारांनी कामगंध सापळे स्वतःहून लावावेत, त्यातले पतंग मोजावेत आणि मगच फवारणीचं ठरवावं, एवढाच विषय. 40 गावं निवडली आहेत. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या 20 गावांत शेतीशाळा घेणार, सापळे लावून दाखवणार आणि सापळ्यातली पतंगांना ओढणारी गंधाची गोळी, म्हणजे ल्यूर, गावातच विकत मिळेल अशी सोय करणार. उरलेल्या 20 गावांत हेच काम पुढच्या वर्षी होईल. प्रत्येक गावातून 20 कास्तकारांची मुलाखत, म्हणजे एकूण 800.

गेल्या हंगामात याच भागातल्या 12 गावांत पाहणी केली होती. तेव्हा साधारण 20 टक्के लोकांकडे सापळे होते. शेतीशाळेनंतर ते 30 टक्क्यांवर जावेत अशी अपेक्षा आहे. 80 टक्के पॉवर आणि नेहमीची 5 टक्क्यांची पातळी धरून R मध्ये हिशोब केला, तर एका बाजूला 294 माणसं लागतात असं उत्तर आलं. आमच्याकडे एका बाजूला 400 आहेत, म्हणजे शंभराहून जास्तच. तरीही आमच्या मार्गदर्शक बाई म्हणतात, "गाव धरून हिशोब कर, मग माझ्याकडे ये." पैसे आठशेच्या आसपास मुलाखतींचेच आहेत. जाणकारांनी जरा बघावं.

आकडेमोड
एवढी काळजी कशाला? निवडणुकीच्या चाचण्या हजारभर लोकांना विचारून अख्ख्या राज्याचा अंदाज देतात. इथं दोन तालुके आणि 800 माणसं. माझ्या मते पैसे उरतायत, ते सापळ्यांवर घाला.

पांढरकवड्याचा_कास्तकार
ताई, नमुन्यासाठी 40 गावाले काय करता? एकरी दोन सापळे लावले का पुरते, पतंग किती येऊन रायले ते समजते. पीक दीड महिन्याचं झालं का लावाचे, पिकाच्या वर फूटभर उंच ठेवाचे. एका सापळ्यात रोज आठ पतंग अन् तेही सलग तीन दिवस आले, का मंग फवाऱ्याचं पाह्यचं. कृषीवाले हेच सांगतात अन् ते बरोबर हाये.

रानवाटा
भाऊ, सापळ्यांबद्दल बरोबर सांगितलंत, आमच्या पत्रकात हेच छापलंय. माझा प्रश्न किती गावांत आणि किती कास्तकारांना विचारायचं याबद्दल आहे. पण तुम्ही धाग्यावर राहा, तुमची गरज पडणार आहे.

मध्यमान
मार्गदर्शक बाई बरोबर आहेत. आकडेमोड, निवडणूक चाचणीत प्रत्येक माणूस वेगळा निवडलेला असेल तर तुमचं म्हणणं चालतं. इथं चिठ्ठी माणसाच्या नावाची निघत नाही, गावाच्या नावाची निघते. एका गावातले वीस कास्तकार म्हणजे माहितीचे वीस वेगळे तुकडे नव्हेत. त्यांचा कृषी सेवा केंद्रवाला एक, कृषी सहाय्यक एक, पाऊस एक. पारावर एकानं सापळ्याचं कौतुक केलं की चौघं लावतात, एकानं नावं ठेवली की कोणीच लावत नाही.

हा सारखेपणा आयसीसी नावाच्या आकड्यानं मोजतात. तुमच्या विषयात तो 0.10 धरू, म्हणजे कास्तकारा-कास्तकारांमधल्या एकूण फरकापैकी दहावा हिस्सा "गाव कोणतं" यामुळे पडतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण गावातून 20 माणसं घेतली की नमुना 1 + 19 × 0.10, म्हणजे 2.9 पट लागतो. तुमच्या 294 चे झाले साधारण 853, म्हणजे एका बाजूला 43 गावं. तुमच्याकडे 20 आहेत.

आता उलट बाजूनं बघा. तुमच्या एका बाजूच्या 400 मुलाखतींना 2.9 नं भागा, उरतात 138.

```r
g <- 20; m <- 20; rho <- 0.10
deff <- 1 + (m - 1) * rho
power.prop.test(n = g * m / deff, p1 = 0.20, p2 = 0.30)
```

पॉवर येते 0.48. शेतीशाळेचा परिणाम खरोखर 10 टक्के बिंदूंचा असला, तरी असा प्रयोग शंभरदा केला तर पन्नासाहून जास्त वेळा तुम्ही "फरक दिसला नाही" असंच लिहाल. 80 टक्के खात्री हवी असेल, तर या आराखड्यात परिणाम 15 बिंदूंच्या आसपास असायला हवा, म्हणजे 20 वरून थेट 35 टक्के.

आकडेमोड
गावांचा मुद्दा पटला. मग प्रत्येक गावात 20 ऐवजी 50 कास्तकार घ्या. गाव तेच, गाडी तीच, दोन दिवस जास्त राहायचं. खर्च फार वाढणार नाही.

मध्यमान
घेऊन बघू. गावात 50 घेतले की गुणक 5.9 होतो. एका बाजूला 1,735 माणसं, म्हणजे 35 गावं. मुलाखती दुपटीहून जास्त झाल्या आणि गावं 43 वरून फक्त 35 वर आली. अख्खं गाव विचारून काढलंत तरी तळ आहे: 294 गुणिले 0.10, म्हणजे 30 गावं. आयसीसी एवढा असेल तर एका बाजूला तीसच्या खाली जाताच येत नाही. वीस गावांत तुम्ही माणसांची रांग लावली तरी 10 बिंदूंसाठी 80 टक्के पॉवर येणार नाही. गावातला एकविसावा कास्तकार फारसं नवं सांगत नाही, एकविसावं गाव सांगतं.

रानवाटा
हे वाचून पोटात गोळा आला, पण आत्ताच कळलं ते बरं झालं, अजून चिठ्ठ्या टाकलेल्या नाहीत. एक विचारते. 0.10 हा आकडा तुम्ही उदाहरणासाठी धरलात ना? आमच्या 12 गावांच्या पाहणीतूनही आयसीसी जवळपास तेवढाच येतोय. मग तोच धरून चालू?

मध्यमान
धरा, पण त्यावर घर बांधू नका. आयसीसीचा अंदाज किती पक्का हे माणसांपेक्षा गावांच्या संख्येवर जास्त ठरतं, आणि बारा गावं फार थोडी. खरा आकडा 0.03 असू शकतो, 0.20 सुद्धा असू शकतो. शिवाय शेतीशाळा झालेल्या गावांत तो वाढण्याची शक्यता आहे, कारण शेतीशाळा एखाद्या गावात रंगते आणि एखाद्या गावात पाच माणसं येतात. म्हणून एकाच आकड्यावर नमुना ठरवू नका. 0.05, 0.10 आणि 0.20 असे तिन्ही धरून तक्ता करा आणि तो अर्जातही द्या.

सालई
मला वेगळंच सुचवायचंय. गावाच्या नावानं चिठ्ठी काढायची कशाला? गावातल्या कास्तकारांच्याच नावांच्या चिठ्ठ्या टाका. अर्धे शेतीशाळेत, अर्धे नाहीत. मग 2.9 चं लोढणं गळ्यात पडतच नाही, 588 माणसांत काम होतं.

लोक म्हणतील की शिकलेला शेजाऱ्याला सांगेल. सांगू दे. समजा त्यामुळे 10 बिंदूंचा फरक साडेसातवर आला. नमुना फरकाच्या वर्गाच्या उलट्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साधारण 1.8 पट. एका बाजूला सव्वापाचशे, एकूण हजार-साडेदहाशे. गावाच्या चिठ्ठीत सतराशे लागत होते! थोडी गळती सोसणं हे गावं वाढवण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि बरेच लोक हा हिशोब न करताच थेट गावावर उडी मारतात.

मध्यमान
सालई, हिशोब बिनचूक आहे आणि हा विचार करायलाच हवा. पण दोन अडचणी दिसतात. नमुना वाढवल्यानं पॉवर परत मिळते, परिणामाचा आकडा मात्र साडेसातच राहतो. "शेतीशाळेनं किती फरक पडला" याचं उत्तर कमी येणार आणि किती कमी ते कळणार नाही. दुसरं, गळती चौथा हिस्साच होईल हे कशावरून? निम्मी झाली तर नमुना चौपट, आणि मग गावाची चिठ्ठीच स्वस्त.

कृषी_सहाय्यक_वर्धा
मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो. गावात शेतीशाळा घेताना "तुम्ही या, तुम्ही येऊ नका" असं कोणाला म्हणता येत नाही. बांधाला बांध लागून असतो, सापळा सगळ्यांना दिसतो. ल्यूर गावात विकायला ठेवले तर कोणीही घेईल, तुमच्या यादीत नाव आहे की नाही हे दुकानदार बघत बसणार नाही. सालईंचा हिशोब एकट्यादुकट्याला मोबाइलवर संदेश पाठवण्याच्या प्रयोगाला चालेल. इथं गळती निम्म्याहून जास्त होईल असं माझं मत.

आणि गावावर चिठ्ठी काढली तरी एक बघा. गट ग्रामपंचायतीतली दोन गावं वेगवेगळ्या बाजूंना टाकू नका. एकाच सहाय्यकाकडे दोन्ही गावं असतात, लोक त्याच सोसायटीत आणि त्याच आठवडी बाजारात भेटतात. चिठ्ठी ग्रामपंचायतीच्या नावानं काढा.

सालई
निम्म्याहून जास्त हे तुमचं मत झालं, मोजलेलं नाही. पण ल्यूर गावात विकायचे असतील तर माझी सूचना अडचणीत येते, हे कबूल. लोकांनी निदान कागदावर दोन्ही पर्याय मांडावेत एवढाच माझा आग्रह.

पांढरकवड्याचा_कास्तकार
आता मले समजलं काय चाललं ते. मंग एक गोष्ट ध्यानात घ्या. तुम्ही इचारसान "सापळा हाये का?", तं अर्धे लोक हाव म्हनतीन. 2017 साली बोंडअळीनं पार वाट लावली, तवापासून कुठून ना कुठून सापळे वाटून रायले. आमच्या घरी माळ्यावर पाच पडले हायेत, प्लास्टिकची पिशवी चिकटलेली, डब्बीत ल्यूर नाही. शेजाऱ्याच्या वावरात सापळा उभा हाये, पन ल्यूर जुलैतला, दसऱ्यालेबी तोच. त्यात पतंग काहून येईन? मले इचारा का ल्यूर कधी बदलला अन् काल पतंग किती होते. ज्याले हे सांगता येत नाही त्याचा सापळा धरू नका.

मध्यमान
कास्तकार भाऊंनी नमुन्याच्या गणितातलीच गोष्ट सांगितली. सापळा "आहे" असं विचारलं तर सुरुवातीचे 20 टक्के. "गेल्या महिन्याभरात ल्यूर बदललाय आणि पतंग मोजलेत" असं मोजलं, तर कदाचित 5 टक्केच निघतील. 5 वरून 15 वर जाणं आणि 20 वरून 30 वर जाणं यात फरक दोन्हीकडे दहाचाच, पण पहिल्याला एका बाजूला 294 ऐवजी 140 च्या आसपास माणसं पुरतात, कारण टक्केवारी पन्नासपासून दूर असली की चढउतार कमी असतो. आयसीसी बदलेल हेही खरं. पण नीट मोजणं हा पॉवर मिळवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. माळ्यावरचे सापळे दोन्ही बाजूंना सारखेच मोजले जातात आणि खरा फरक झाकून टाकतात.

मेळघाटची_वाट
आमचा अनुभव सांगते. ठिबकचा असाच प्रयोग होता. चिठ्ठ्या टाकून झाल्या आणि हंगामाच्या मध्यात तुलनेच्या बाजूच्या काही गावांत एका योजनेतून तेच काम सुरू झालं. आमच्या हातात काहीच नव्हतं. कास्तकार गळले तर गावातले दुसरे आधीच जास्तीचे घेऊन ठेवता येतात, गाव गेलं की गेलं. यवतमाळात 2018 पासून पोकरा या सरकारी कृषी प्रकल्पाच्या गावांत शेतीशाळा झाल्या आहेत. तुमच्या यादीत अशी गावं किती ते आधी बघा आणि ती दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातील अशी सोय करा.

वऱ्हाडी_सांज
पैसे देणाऱ्यांना सापळ्यात रस नसतो हो, त्यांना "एकरी उत्पन्न किती वाढलं" हे हवं असतं. तेही मोजूनच टाका, मुलाखत तर घेताच आहात.

रानवाटा
सांज ताई, अगदी हाच दबाव आहे. प्रस्तावात उत्पादन हा मुख्य निकष लिहा असं सांगितलंय.

मध्यमान
इथं मी हट्टानं बोलणार. समजा सापळा लावून वेळेवर फवारणाऱ्याला एकरी एक क्विंटल जास्त मिळतं, हाही सढळ अंदाज झाला. पण शेतीशाळेमुळे नव्यानं सापळा लावणारे शंभरात दहाच. म्हणजे गावाच्या सरासरीत वाढ क्विंटलच्या दहाव्या हिश्श्याची, दहा किलोची. कोरडवाहू कपाशीत एकाच गावात एकाला तीन क्विंटल होतात आणि दुसऱ्याला नऊ. कास्तकारांमधलं प्रमाण विचलन तीन क्विंटल धरलं, तर दहा किलोचा फरक पकडायला एका बाजूला चौदा हजार माणसं लागतात, आणि हे गावाचा गुणक लावायच्या आधी. सापळा घेण्याचं प्रमाण दहावा हिस्सा झालं की नमुना दहापट नाही, शंभरपट होतो.

उत्पादन विचारा, नोंदवा, पण मुख्य निकष करू नका. नाहीतर दोन वर्षांनी अहवालात "शेतीशाळेचा उत्पादनावर परिणाम आढळला नाही" असं छापून येईल आणि ते वाचून कोणीतरी शेतीशाळाच बंद करेल. परिणाम होता की नव्हता हे सांगायची त्या प्रयोगाची ताकदच नव्हती, हे कोणाच्या ध्यानात येणार नाही.

वऱ्हाडी_सांज
शंभरपट हे माहीत नव्हतं. पण मग फवारण्यांची संख्या का नको? तो खर्च कास्तकाराला पाठ असतो आणि सापळ्याचा थेट संबंध तिथंच आहे.

मध्यमान
चांगला दुय्यम निकष आहे. पातळ होण्याचा प्रश्न तिथंही तोच, पण चढउतार बराच कमी.

रानवाटा
सगळं घेऊन बाईंकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, मुलाखती तेवढ्याच ठेवून गावं वाढवता येतात का? आम्ही हिशोब घातला. 60 गावं, प्रत्येकी 13 कास्तकार, एकूण 780. दहा शेतीशाळा जास्तीच्या घ्याव्या लागतील, त्यासाठी आणखी एक प्रशिक्षक लागेल आणि गाडीचा खर्च वाढेल. उत्पादनासाठी तोलाईच्या पावत्या तपासण्याचं काम वगळलं तर ते जमतंय. मारेगाव तालुकाही घ्यावा लागेल. चिठ्ठी ग्रामपंचायतीवर, तालुकावार वेगवेगळी. निकष कास्तकार भाऊंनी सांगितला तोच: ल्यूर बदलला का, पतंग मोजले का, आणि शक्य तिथं वावरात जाऊन बघायचं. शिवाय मे महिन्यात, चिठ्ठ्या टाकायच्या आधी, साठही गावांत गेल्या हंगामाचं विचारून घेणार.

मध्यमान
छान. जुनेच 20 आणि 30 टक्के धरले, तर आयसीसी 0.10 ला पॉवर 48 वरून 58 च्या आसपास जाते, मुलाखती वीसनं कमी होऊनसुद्धा. मे मधल्या माहितीनं गावागावातला निम्मा फरक समजावला गेला, तर ती 72 च्या आसपास आणि पकडता येणारा फरक 11 बिंदू. आयसीसी 0.20 निघाला आणि मे ची माहिती कामी आली नाही, तर साधारण साडेसोळा बिंदू. हे दोन्ही टोकांचे आकडे अर्जात लिहा.

सालई
मे मधल्या माहितीवर इतका भरवसा नको. गेल्या हंगामात ल्यूर बदलणारे जेमतेम पाच टक्के निघाले, तर तेरा माणसांच्या गावात एखादाच माणूस मिळेल, बऱ्याच गावांत शून्य. त्यावरून पुढच्या वर्षीचा गावागावातला फरक निम्मा कसा कळणार? मी तर पाव धरेन.

मध्यमान
हे खरं आहे. सापळ्याऐवजी मे मध्ये गावाबद्दलच विचारा: ओलित किती, कृषी सेवा केंद्र किती लांब, आधी शेतीशाळा झाली होती का. कदाचित ते जास्त सांगेल. पण निम्मा की पाव, हे आत्ता कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कृषी_सहाय्यक_वर्धा
शेवटची मोजणी कधी करणार? अळी लागून न उमललेली फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसायला लागल्या की सगळेच धावतात, तुलनेच्या गावांतलेही. ऑगस्टच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा अशा दोन फेऱ्या करा.

रानवाटा
दोन फेऱ्या म्हणजे मुलाखती दुप्पट, तेवढे पैसे नाहीत. ऑगस्टची फेरी फक्त वावरातले सापळे बघण्यापुरती ठेवता येईल का ते पाहते. तोवर राळेगाव, केळापूर, मारेगावात कोणत्या ग्रामपंचायतींत आधी शेतीशाळा झाल्या याची यादी कोणाकडे असेल तर कृपया इथं टाका. चिठ्ठ्या त्यानंतरच टाकू.

पांढरकवड्याचा_कास्तकार
आमच्या बाजूच्या गावांचं मी इचारून सांगतो ताई. दोन दिवस द्या.